पीडीएफचा पासवर्ड नाहीये? फाईल बाजूला ठेवा, ती कुठून आली ते पाहा

नागपुरात मानेवाडा रोडच्या बाजूला माझं छोटंसं दुकान आहे, झेरॉक्स, प्रिंट आणि ऑनलाईन फॉर्म, आणि दिवसातून एकदा तरी कोणीतरी मोबाईल पुढे धरून म्हणतंच, "भाऊ, हे फाईल खुलून नाही राहिली, पासवर्ड तोडून द्या ना." जसं काही मी कुलूपवालाच आहे. आधी मी नुसतं नाही म्हणायचो, आता बसवून विचारतो, कारण दहातल्या सात-आठ जणांना पासवर्ड तोडायची गरजच नसते. एक तर पासवर्ड त्यांच्याकडे असतो पण टाईप चुकत असतो, नाहीतर ती फाईल न उघडताच काम होणारं असतं. राहिलेल्या दोघा-तिघांची फाईल त्यांची नसतेच, आणि तिथे माझं उत्तर ठरलेलं आहे.

मी लोकांना कसं सांगतो, कोणत्या क्रमाने तपासतो, ते इथे लिहितोय. शेवटी एका ताईंची केस पूर्ण सांगतो, कारण घरात कोणी गेल्यावर हा प्रश्न सगळ्यात जास्त अडतो आणि तिथेच लोक सगळ्यात जास्त चुका करतात.

आधी पाहा, फाईल नेमकं काय मागून राहिली

"खुलत नाही" ह्याचे तीन वेगवेगळे अर्थ असतात. अडोबीमध्ये फाईल टाकल्यावर `Document Open Password` असं विचारलं तर फाईल खरंच कुलूपबंद आहे, म्हणजे आतला मजकूर गुंडाळून ठेवलाय आणि पासवर्डशिवाय तो कोणाही प्रोग्रामला वाचता येत नाही. फाईल उघडते, वाचता येते, पण प्रिंट निघत नाही किंवा मजकूर कॉपी होत नाही, तर तो दुसरा प्रकार, त्यात पाठवणाऱ्याने फक्त परवानग्या बंद केल्यात. `Properties` मधल्या `Security` टॅबवर काय चालू, काय बंद ते लिहिलेलं दिसतं. आणि `damaged` असा शब्द आला तर तो पासवर्डचा विषयच नाही, डाऊनलोड अर्धवट झालंय, परत डाऊनलोड करा, संपलं. व्हॉट्सॅपवरून चार हात फिरून आलेली फाईल असेल तर मूळ मेलमधूनच घ्या.

दुसऱ्या प्रकाराबद्दल एकच सांगतो. प्रिंट-कॉपीचं बंधन तसं लेचंपेचं असतं, ते पाळायचं की नाही हे फाईल उघडणारा प्रोग्राम ठरवतो, म्हणून इंटरनेटवर अशा शंभर साईट्स ते एका क्लिकमध्ये काढून देतात. निघतं म्हणून काढायचं असं नसतं पण. ज्याने पाठवलं त्याला एक मेसेज टाका, "प्रिंट हवीय, परवानगीवाली कॉपी पाठवा". माझ्याकडे एकजण वकिलाने पाठवलेला करारनाम्याचा ड्राफ्ट घेऊन आला होता, दोन ओळी बदलून द्या म्हणे. अरे बाबा, त्याने बदल बंद केलेत ते तू बदलू नयेस म्हणूनच ना! वकिलाला फोन लावला, दुपारपर्यंत त्यांनी दुरुस्त करून नवीन पाठवला.

एक्सेलमध्ये हा गोंधळ अजून जास्त होतो. `Protect Sheet` म्हणजे शीटमध्ये चुकून कोणी फॉर्म्युला पुसू नये म्हणून लावलेला आडणा, आणि `Encrypt with Password` म्हणजे खरं कुलूप. दुसऱ्यातला पासवर्ड विसरला तर मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की आम्हालाही तो परत काढून देता येत नाही. त्यांच्याकडे तो नसतोच मुळी.

पासवर्ड तुमचाच असेल तर बहुतेक वेळा बोटं चुकलेली असतात

बँक, इन्कम टॅक्स, आधार, हे लोक जी पीडीएफ पाठवतात तिचा पासवर्ड बहुतेक वेळा तुमच्याच माहितीतून बनवलेला असतो, आणि तो कसा बनवला ते त्याच मेलमध्ये किंवा डाऊनलोडच्या पानावर लिहिलेलं असतं. लोक मेल वाचतच नाहीत, सरळ खालची फाईल दाबतात. म्हणून माझा पहिला प्रश्न, "मेल दाखवा." फाईल नको, मेल.

ई-आधारचं उदाहरण घ्या. नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं साल. म्हणजे नाव अरुणा आणि साल 1968 असेल तर असं:

```
ARUN1968
```

नाव तीनच अक्षरी असेल आणि पुढे आडनाव नसेल तर तीनच घ्यायची, आडनाव असेल तर मधली जागा सोडून त्याचं पहिलं अक्षर जोडायचं, आणि आधारवर नावात टिंब असेल तर ते टिंबसुद्धा एक अक्षर धरायचं. आधारवर जसं छापलंय तसंच, घरी ज्या नावाने हाक मारतात तसं नाही. इन्कम टॅक्सचा एआयएस म्हणजे तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा आणि टीडीएसचा उतारा, त्याची पीडीएफ मात्र उलटी, तिथे पॅन स्मॉल अक्षरांत आणि त्याला चिकटून जन्मतारीख आठ आकड्यांत. इथे मोबाईल दगा देतो, पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो आणि आपण शपथेवर सांगतो की मी बरोबरच टाकलं.

अजून एक गंमत, जी मी स्वतः अर्धा तास डोकं फोडल्यावर शिकलो. एका काकांचा कीबोर्ड मराठीवर होता, अक्षरांसाठी ते इंग्लिशवर जायचे पण आकडे टाकताना परत मराठीवर, त्यामुळे `1956` च्या जागी १९५६ जात होतं. पासवर्डच्या खिडकीत ठिपकेच दिसतात, कळणार कसं! तेव्हापासून मी एक काम करतो, आधी नोटपॅडमध्ये पासवर्ड उघडा टाईप करायला लावतो, डोळ्यांनी पाहतो, मग तो तिकडे टाकतो आणि नोटपॅड सेव्ह न करता बंद करतो. मेलमधून कॉपी केला असेल तर मागे एक मोकळी जागा चिकटून आलीय का तेही तिथेच दिसतं.

आणि जन्मतारीख. आपल्याकडच्या जुन्या लोकांची खरी जन्मतारीख आणि कागदावरची तारीख ह्यांचा संबंध असेलच असं नाही, गुरुजींनी शाळेत नाव घालताना एक जून लिहून टाकलेले कित्येकजण आपल्या घरातच आहेत. आधारवर एक तारीख, बँकेत खातं उघडलं तेव्हा दिलेल्या कागदावर दुसरी. फाईलचा पासवर्ड ज्याने पाठवली त्याच्या रेकॉर्डमधल्या तारखेवर बनतो. म्हणून बँकेचं स्टेटमेंट खुलत नसेल तर आधार पाहू नका, बँकेत काय लिहिलंय ते शाखेत विचारा, आणि चूक असेल तर तिथेच दुरुस्तीचा फॉर्म भरा, पुढच्या वेळचा त्रास वाचतो.

आता कोणी म्हणेल, तारखा बदलून पाहणं हा अंदाजच झाला ना? माझ्या मते नाही. फाईल तुमची, तुमच्या मेलवर आलेली, नियम पाठवणाऱ्याने स्वतः सांगितलेला, आणि तुम्ही त्या नियमात तुमचीच माहिती भरताय. हे कुलपाला दिलेली किल्ली नीट फिरवणं आहे. पण मी हद्द ठेवलीय: नियम नीट वाचून तीन वेळा टाकायचा, जमलं नाही तर थांबायचं आणि नवीन फाईल मागवायची.

नवीन मागवणं सोपं आहे, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आधारच्या साईटवर ओटीपी टाकून ई-आधार पुन्हा उतरवता येतं, मोबाईल लिंक नसेल तर लिंक नसलेल्या नंबरवरूनही पीव्हीसी कार्ड मागवायची सोय आहे, नाहीतर आधार सेवा केंद्र. बँकेच्या ॲपमधून हव्या त्या तारखांचं स्टेटमेंट नव्याने निघतं. म्युच्युअल फंडाचं एकत्र स्टेटमेंट कॅम्सच्या साईटवरून मागवताना तर पासवर्ड आपणच तिथे टाकतो, विसरलात तर परत मागवा आणि ह्यावेळी वहीत लिहा. ते तुमच्या रजिस्टर मेलवरच येतं, त्यामुळे दुसऱ्याच्या हाती जायची भीती नाही.

स्वतः बनवलेल्या फाईलला पासवर्ड लावला आणि विसरलात, तर फाईलशी झटापट करायच्या आधी तिची बिनपासवर्डची भावंडं शोधा. कोणाला तरी मेल केलेली असते, पेनड्राईव्हवर जुनी कॉपी असते, गूगल ड्राईव्हवर असेल तर `Manage versions` मध्ये गेल्या महिनाभरातल्या आधीच्या आवृत्त्या सापडू शकतात. ब्राऊझरने सेव्ह केलेल्या पासवर्डच्या यादीत एक नजर टाका. आणि काहीच नसेल, तर ती फाईल गेली असं धरून कामाला लागा.

"सॉफ्टवेअरने तोडून पाहू" ह्याला मी हात का लावत नाही

एक तर साधा हिशोब. आजकालच्या पीडीएफ आणि वर्डच्या फाईली एईएस पद्धतीने बांधलेल्या असतात, त्या बांधणीत भोक पाडून कोणी आत जात नाही, एकेक पासवर्ड टाकून पाहणे हाच उरलेला रस्ता. लहान-मोठी इंग्लिश अक्षरं आणि आकडे मिळून 62 चिन्हं, त्यांचा आठ अक्षरी पासवर्ड म्हणजे 218 लाख कोटींच्या वर शक्यता. दुकानातला माझा कॉम्प्युटर कूलरसमोर ठेवला तरी तेवढं काम त्याच्याने व्हायचं नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे. जन्मतारखेवरचा पासवर्ड असेल तर शंभर वर्षांच्या तारखा मिळून साडेछत्तीस हजारच होतात, आणि पीडीएफला एटीएमसारखं तीन चुकांनंतर बंद व्हायचं माहीत नसतं. म्हणजे अशा कितीतरी फाईली कोणीही ठरवलं तर उघडू शकतो. मग प्रश्न "येतं का" हा राहतच नाही, "तुमची आहे का" हाच राहतो. हे उलटं पण लक्षात घ्या, तुमचं आधार किंवा स्टेटमेंट पासवर्ड लावलेलं आहे म्हणून बिनधास्त ग्रुपवर टाकू नका, ते कुलूप दाराच्या कडीएवढंच आहे.

कायद्याचं थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, त्यातलं कलम 43 सांगतं की मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर किंवा त्यातल्या डेटात शिरणं चूक, त्याची नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवायच्या हेतूने केलं तर कलम 66, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड अशा हेतूने वापरला तर 66-सी वेगळं. बायकोचा, भावाचा, भागीदाराचा असला तरी कायद्यात घरगुती सवलत लिहिलेली नाही. आणि दुकानदार म्हणून मी तोडून दिलं तर मीही त्यातच.

तिसरी गोष्ट म्हणजे त्या "फ्री अनलॉक" साईट्स. तिथे फाईल टाकायची म्हणजे आधार, खात्याचा नंबर, पगार, सगळं एका अनोळखी सर्व्हरवर चढवायचं, आणि तासाभरात डिलीट करतो असं ते म्हणतात त्यावर विश्वास ठेवायचा. डाऊनलोड करायचे तोडफोडीचे प्रोग्राम तर त्याहून वाईट, एका ओळखीच्याने असंच एक उतरवलं आणि मग फाईल राहिली बाजूला, लॅपटॉपच फॉरमॅट करावा लागला.

चौथी गोष्ट कोणाला माहीत नसते आणि कामाच्या वेळी तीच नडते. ई-आधारवर डिजिटल सही असते, कित्येक बँकांच्या स्टेटमेंटवरही असते. पासवर्ड काढायला फाईल नव्याने सेव्ह केली, किंवा प्रिंट टू पीडीएफ केली, की ती सही तुटते किंवा गायबच होते. दिसायला कागद तोच, पण समोरच्या ऑफिसात सही तपासली तर तो नुसता फोटो. म्हणजे एवढं करून हातात आलं काय?

ताईंची केस

मागच्या उन्हाळ्यात एक ताई आल्या, सोबत कॉलेजातला मुलगा. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, रिटायर होऊन काही वर्षं झाली होती, दोन महिन्यांपूर्वी गेले. मुलाने वडिलांच्या लॅपटॉपमधून बँक स्टेटमेंटच्या आठ-दहा पीडीएफ पेनड्राईव्हवर काढून आणल्या होत्या, सगळ्या कुलूपबंद. वडिलांचा मोबाईल लॉक, त्याचा पॅटर्न कोणाला माहीत नाही, त्यामुळे मेल दिसत नव्हता. पोरगा दोन रात्री बसून तारखा, नावं, गाडीचा नंबर, सगळं टाकून बसला होता.

"भाऊ, पैसे किती घ्यान ते घ्या, पण खोलून द्या," ताई म्हणाल्या. "बँकेचं काम अडून राहिलं."

मी विचारलं, "ताई, बँकेने स्टेटमेंट मागितलं का?"

त्या मुलाकडे पाहायला लागल्या. मुलगा म्हणाला, "मागितलं नाही, पण खात्यात किती आहे ते तर समजलं पाहिजे ना. आणि काका पण विचारून राहिले."

इथेच गाठ होती. काका विचारत होते म्हणजे हिशोब घरात कोणाकोणासमोर ठेवावा लागणार होता. अशा वेळी मुलाने रात्री बसून तोडलेली फाईल पुढे केली तर पहिला प्रश्न हाच येणार की अजून काय काय उघडलं, आणि ह्यातलं काही बदललं तर नाही? त्यापेक्षा बँकेने शिक्का मारून दिलेला कागद बरा, त्यावर कोणी बोट ठेवत नाही. शिवाय तो पासवर्ड बँकेने खातेदाराला दिला होता, वारसाला नाही. खातेदार गेल्यावर माहिती मिळायचा रस्ता क्लेमचा आहे.

मी मुलाला दोन गोष्टी आधी बंद करायला सांगितल्या. एक, वडिलांच्या फाईलींवर अंदाज लावणं. दुसरी जास्त महत्त्वाची, वडिलांचं सिम दुसऱ्या मोबाईलमध्ये टाकून ओटीपी घेऊन नेटबँकिंगमध्ये शिरायचा त्याचा जो विचार चालला होता तो. माणूस गेल्यावर त्याच्या नावाने लॉगिन करून पैसे इकडचे तिकडे केले, भले स्वतःच्या आईच्या खात्यात का होईना, की उद्या बाकीचे वारस आणि बँक दोघांना उत्तर द्यावं लागतं.

मग कागदावर लिहायला बसलो, की ह्या फाईलींमधून नेमकं काय पाहिजे. उत्तरं दोनच निघाली. बँकेत क्लेम करायला खात्याचा नंबर आणि शाखा, आणि त्या वर्षीचं इन्कम टॅक्स रिटर्न भरायला व्याज आणि पेन्शनचे आकडे. बाकी सगळी उत्सुकता होती.

खात्याचा नंबर त्याच दिवशी मिळाला. मी म्हटलं, घरी जाऊन कपाटात जुनं पासबुक, चेकबुक, एफडीची पावती, एलआयसीची फाईल, जे सापडेल ते घेऊन या. संध्याकाळी ताई एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या, त्यात पासबुक होतं, पहिल्या पानावर नंबर, शाखा, आणि खाली नॉमिनीच्या जागी "नोंदणीकृत" असा शिक्का. दोन रात्रीचं जागरण त्या पिशवीत होतं. दोन एफडीच्या पावत्या पण निघाल्या, ज्या त्या पीडीएफमध्ये कदाचित दिसल्याही नसत्या, कारण बचत खात्याच्या स्टेटमेंटमध्ये एफडी दाखवलेलीच असते असं नाही.

क्लेमसाठी लागतं ते असं. मृत्यूचा दाखला, महानगरपालिकेच्या हद्दीत असाल तर झोन ऑफिसमधून, आणि जास्तीच्या कॉप्या काढून ठेवा, प्रत्येकजण एक ठेवून घेतो. मग शाखेत एक साधा अर्ज, की खातेदार अमुक तारखेला वारले, खात्यावरचे व्यवहार थांबवा आणि त्यांच्या नावाने अजून काय काय आहे ते सांगा. त्याची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. नॉमिनी असेल तर बँकेचा क्लेम फॉर्म, नॉमिनीचे केवायसीचे कागद, तिच्या खात्याचा कॅन्सल चेक. नॉमिनी असताना बँकेने कोर्टाच्या उत्तराधिकार प्रमाणपत्राचा हट्ट धरू नये असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे, काउंटरवर कोणी मागितलंच तर शांतपणे मॅनेजरला भेटा. नॉमिनी नसेल आणि वारसांत भांडण असेल तर मात्र सिव्हिल लाईन्सला कोर्टाची पायरी चढावी लागते, तिथे वकीलच पाहिजे, माझ्या दुकानाचं ते काम नाही.

एक गोष्ट ताईंना तिथेच स्पष्ट सांगितली. नॉमिनी म्हणजे पैसे घेणारा हात, मालक असेलच असं नाही. पैसे नॉमिनीला मिळतात पण ते सगळ्या वारसांच्या वतीने, म्हणून दिराला आणि सासरच्यांना काय सांगायचं ते बँकेच्या कागदावरून सांगा, पेनड्राईव्हवरून नको.

आता रिटर्न. गेलेल्या माणसाचं, मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं रिटर्न वारसाला भरावं लागतं, आणि त्यासाठी त्यांच्या लॉगिनचा पासवर्ड शोधायची अजिबात गरज नाही. ताईंचं स्वतःचं लॉगिन `incometax.gov.in` वर उघडलं, तिथे `Authorised Partners` मध्ये `Register as Representative Assessee`, नवीन रिक्वेस्ट, प्रकार मृत व्यक्तीचा कायदेशीर वारस. मिस्टरांचं पॅन, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि हमीपत्र, हे स्कॅन करून जोडलं. पुरावा म्हणून ताईंकडे फॅमिली पेन्शनचा सरकारी कागद होता, तो चालला, नसता तर तहसीलमधून वारसाचा दाखला काढावा लागला असता आणि त्यात वेळ गेला असता. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असा करा, वाकडा-पुसट असला की रिक्वेस्ट परत येते आणि कारण एका ओळीत दिलेलं असतं जे वाचून काहीच समजत नाही.

काही दिवसांनी मंजुरी आली. मग ताईंच्याच लॉगिनमधून मिस्टरांची बाजू दिसायला लागली, आणि एआयएसमध्ये पेन्शन, बचतीचं व्याज, दोन्ही एफडींचं व्याज, कापलेला टीडीएस, सगळं ओळीने. ते उतरवलं तर ती पीडीएफ पण पासवर्डवाली! ताई हसल्या, "आता हे कोण तोडन?" पण इथे पासवर्डचा नियम पानावरच लिहिलेला होता, माहिती त्यांच्या हक्काने समोर आलेली होती, पॅनकार्ड हातात होतं. पॅनवरची तारीख आधारपेक्षा वेगळी, एक जून, शाळेची. टाकली आणि खुललं.

मुलगा म्हणाला, "म्हणजे एक जून! मी त्यांच्या खऱ्या वाढदिवसावर बसलो होतो दोन रात्री." मग लगेच पेनड्राईव्हकडे हात. मी म्हटलं, ठेव ते.

मोबाईलबद्दलही त्याने विचारलं, कारण त्यात फोटो होते. फोनचं कुलूप फोडायची दुकानं बर्डीच्या बाजारात शोधली तर मिळतील, मी त्याला तिकडे नाही पाठवलं. गूगलचा मृत व्यक्तीच्या खात्यासाठी एक विनंती फॉर्म असतो, जवळच्या नातेवाईकांना भरता येतो, खातं बंद करायची किंवा काही केसमध्ये आतला डेटा द्यायची विनंती तिथे करता येते, पण पासवर्ड ते कोणालाच देत नाहीत आणि डेटा मिळेलच असंही नाही. जिवंत असताना `Inactive Account Manager` मध्ये कोणाचं नाव टाकून ठेवलं असतं तर काम सोपं होतं. ते गुरुजींनी केलेलं नव्हतं. मी मात्र त्या रात्री घरी जाऊन बायकोचं नाव टाकलं, आणि बँका कुठल्या, खाती किती, एवढं एका कागदावर लिहून कपाटात ठेवलं, पासवर्ड न लिहिता.

कोणाला जुन्या, विसरलेल्या खात्याचा संशय असेल तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, 2023 पासून सुरू झालंय, स्वतःचा मोबाईल नंबर टाकून गेलेल्या माणसाच्या नावाने आणि पॅन किंवा जन्मतारखेने शोधता येतं. पण तिथे दहा वर्षं हात न लागलेले पैसेच दिसतात. दोन महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाचं वापरातलं खातं तिथे सापडणार नाही, लोक तिथे शोधून "काहीच नाही म्हणे" असं म्हणत परत येतात.

ताईंच्या खात्याचे पैसे अर्ज दिल्यावर तीनेक आठवड्यांत आले. मधे एकदा बँकेने सही जुळत नाही म्हणून बोलावलं होतं, ताई सही मराठीत करतात आणि फॉर्मवर मुलाच्या सांगण्यावरून इंग्लिशमध्ये केली होती. क्लेमच्या अर्जासोबत मी शेवटच्या वर्षाचं स्टेटमेंट पण मागायला लावलं होतं, ते शिक्क्यासकट मिळालं, त्याच्या चार झेरॉक्स माझ्याच मशीनवर काढल्या, एक काकांसाठी. पेनड्राईव्ह दुकानातच विसरून गेले होते, परवा फोन करून विचारलं तर ताई म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, आता त्याचं काय काम." मुलगा येऊन घेऊन जाईल म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलाय.